ड्रम बसवरची हलगी

लातूरच्या त्या स्टुडिओत मी दोन वर्षं काढली. त्यातले शेवटचे काही दिवस सोडले तर मी जे करत होते त्याला मिक्सिंग म्हणायची आज मला लाज वाटते. स्टुडिओ बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना खताचा वास यायचा आणि दार उघडलं की फोमचा. भिंतींना काळा फोम चिकटवलेला होता, जिथं फोम संपला तिथं सुतळीची पोती ठोकली होती. मालक आधी लग्नांना लाउडस्पीकर आणि मंडप पुरवायचे. मग मुंबईत पंधरा दिवस कुठलासा कोर्स करून आले आणि आल्या आल्या स्वतःला साउंड इंजिनियर म्हणवून घेऊ लागले. पंधरा दिवसांत ते एवढंच शिकले होते, की मीटरवरचा लाल दिवा लागला म्हणजे गाणं तयार झालं.

मी नांदेडची. विष्णुपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले. घरात सगळे मास्तर. वडील म्हणायचे, "इंजिनियर होऊन शेवटी ढोलच बडवायचा होता, तर फी कशाला भरली?" कॉलेजात असताना मी आवाजाच्या कामावर मिळेल ते वाचत होते, आणि मनातल्या मनात समजत होते की मराठवाड्यात हे कळणारी मी एकटीच आहे. हा गर्व मला बरेच दिवस पुरला. कारण लातुरात मी केलं काय? मालक सांगतील तसं सगळं दाबलं. देवीची गाणी दाबली, निवडणुकीची गाणी दाबली, लग्नाच्या व्हिडिओंचे ढोल दाबले. मालकांवर मनात हसायचं आणि हातानं त्यांचंच ऐकायचं, असा माझा कारभार होता.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, पण व्हॉट्सॲपवर एक विषय होता: नवे जिल्हे होणार. रोज नवी यादी यायची. कधी कुठल्या तालुक्याचं नाव वर, कधी खाली. उदगीरचं नाव मात्र प्रत्येक यादीत असायचं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तिथं एक समिती होती, आणि समितीला गाणं हवं होतं.

समितीचे अध्यक्ष अप्पा स्टुडिओत आले ते चार माणसं घेऊन. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा कडक सदरा, पायांत नवे बूट. उदगीरला त्यांची आडत होती. ज्या वर्षी अर्धा जिल्हा टँकरच्या मागं धावत होता त्या वर्षी सदरा इतका पांढरा कसा राहतो, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. पाणी नाही, कारण जिल्हा नाही. जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की पाणी येईल. लातूरला कलेक्टर होता आणि पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं, हे मी बोलून दाखवलं नाही.

"मॅडम," अप्पा मला म्हणाले, "गाणं असं पाह्यजे की ऐकणाऱ्याच्या छातीत ठोका बसला पाह्यजे. सभेला दहा हजार माणूस राहील."

"बसवतो की अप्पा," मालक मध्येच म्हणाले. "आमच्याकडं मुंबईचा साउंड हाय. ठोका नाही, धक्का बसंल."

गाण्यात ड्रमसेट होता. तो नांदेडच्या ऑर्केस्ट्रातल्या एका ड्रमरनं आदल्या दिवशी वाजवून ठेवला होता. पण अप्पांना हलगी हवीच होती, कारण हलगीशिवाय मोर्चा वाटत नाही. म्हणून उमरीकडच्या एका खेड्यातून एका म्हाताऱ्या हलगीवाल्याला बोलावलं होतं. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. अप्पा मात्र "ए हलगीवाल्या" म्हणायचे. बाबा जिन्यातच बसले होते, आणि त्यांना आत या असं कुणी म्हणालं नाही. चहा मात्र सगळ्यांना सारखाच आला, कागदी कपात. एरवी अप्पांसारख्यांना कपबशी आणि बाबांसारख्यांना वेगळा पेला, हा रिवाज मी त्याच जिन्यावर पाहिलेला होता. त्या वर्षी कपबशा धुवायला पाणीच नव्हतं. समता आली ती अशी.

बाबांनी जिन्यातच कागद आणि काटक्या पेटवून हलगी शेकली. कातडं तापून ताणलं गेल्याशिवाय हलगी बोलत नाही. मग आत येऊन त्यांनी कानाला हेडफोन लावला, ड्रम ऐकले आणि वाजवायला लागले. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात वेताची बारीक काडी. टिपरू ताल धरायचं, आणि काडी त्या तालाच्या मधल्या जागा बारीक बारीक कडकडाटानं भरायची. मी एक माइक हलगीच्या जवळ लावला होता आणि एक लांब, खोलीचा आवाज घेण्यासाठी. एसी बंद होता, कारण त्याची घरघर माइकात येते. कूलरमध्ये टाकायला पाणी नव्हतं. खोली भट्टी झाली होती, म्हणून मालकांनी खिडकी हातभर उघडी ठेवली. खाली गल्लीत तेव्हाच टँकर आला. मी हात वर करून थांबवणार होते, पण बाबा डोळे मिटून असे लागले होते की माझा हात वर गेलाच नाही. एका दमात त्यांनी सगळं गाणं वाजवलं.

मग मालकांनी मिक्स केला.

ड्रमसेटचे सगळे माइक आणि हलगीचे दोन, हे सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये एका रस्त्यावर येऊन मिळतात. त्या रस्त्याला ड्रम बस म्हणतात. तिथं एक बटण फिरवलं की सगळी वाद्यं एकदम बदलतात. मालकांनी त्या बसवर थेट कॉम्प्रेसर चढवला. कॉम्प्रेसरचं काम एवढंच, की आवाज ठरलेल्या उंचीच्या वर गेला की त्याला खाली दाबायचं. किती दाबायचं आणि किती चटकन दाबायचं, ते आपण ठरवतो. मालकांनी ठरवलं: जास्तीत जास्त, आणि लगेच. मग दाबल्यामुळं जेवढा आवाज कमी झाला त्याच्यापेक्षा जास्त तो वर उचलला.

"आता ऐका," ते म्हणाले. कॉम्प्रेसर बंद, कॉम्प्रेसर चालू. बंद, चालू. चालू केलं की सगळं मोठ्यानं वाजायचं. साहजिक होतं, आवाज उचलला होता. मोठ्यानं वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं, एवढ्या एका मानवी दोषावर मालकांचा धंदा उभा होता.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. अप्पांना त्यांच्यासोबत हलगी हातात धरून फोटो काढायचा होता. अप्पा आलेच नाहीत, म्हणून बाबा बसून राहिले. मालकांनी त्यांना कौतुकानं गाणं ऐकवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ही हलगी कुणाची म्हणं?"

"तुमचीच की बाबा."

"न्हाई." ते इतकं शांतपणे म्हणाले की मालक हसलेच. "माझी काडी कुठं गेली? हे तर पत्र्याच्या पिपाडावर कुणी चप्पल मारून राहिलंय."

"बाबा, हे प्रोसेस केलंय. तुम्हाला नाही कळायचं."

"मला नसंल कळत. पर ह्या आवाजाला माझं नाव देऊ नका," बाबा म्हणाले आणि उठले.

मी मान खाली घालून बसले होते, कारण ते बरोबर होते आणि मला ते कालच कळलं होतं. काडी कातड्याला लागते तो पहिला क्षण, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारा, त्यातच काडी आणि टिपरू यांतला फरक असतो. आमच्या धंद्यात त्याला ट्रान्झियंट म्हणतात. कॉम्प्रेसर लगेच दाबायला लावला की तो आधी तेच टोक तोडतो. टोक गेलं की मागं नुसतं थप थप उरतं. मालकांनी छातीत ठोका बसवायच्या नादात ठोकाच काढून टाकला होता. आणि मी दोन वर्षं हेच करून पगार घेत होते.

"बाबा, उद्या सकाळी या," मी जिन्यात जाऊन म्हणाले. "मी पुन्हा करते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. विश्वास वगैरे काही नव्हता त्या बघण्यात. "येतो," म्हणाले. "उमरीची गाडी तसंबी उद्याच हाय."

सकाळी मालक यायच्या आधी मी स्टुडिओ उघडला. काय करायचं ते मला कॉलेजापासून माहीत होतं, फक्त कधी केलं नव्हतं. ड्रम बसवरचा कॉम्प्रेसर मी काढून टाकला. बस जशी होती तशी मोकळी ठेवली. मग त्या आवाजाची एक प्रत वेगळ्या चॅनलवर पाठवली आणि त्या प्रतीवर कॉम्प्रेसर लावला, मालकांच्या सेटिंगपेक्षाही निर्दय. त्या चॅनलवर टोक म्हणून काही उरलं नाही, पण जे हळू होतं ते सगळं वर आलं: ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाच्या पोटातली घुमक, कातड्याची गुणगुण, काडीचे दोन मोठ्या ठोक्यांमधले बारीक स्पर्श. आता ही दाबलेली प्रत शून्यापासून हळूहळू मोकळ्या आवाजाखाली सरकवायची. ठोक्याचं टोक मोकळ्या बसमधून येतं आणि अंग दाबलेल्या प्रतीमधून. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, म्हणून त्याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात. दाबायचं, पण दाबलेलं एकटं पुढं आणायचं नाही.

मी प्रत वर सरकवली आणि आवाज पोकळ झाला. ठोका मोठा व्हायच्या ऐवजी नळीतून आल्यासारखा वाजायला लागला. एवढा आव आणला, बाबांना बोलावलं, आणि हे? मग डोकं जरा थंड केलं. दाबलेली प्रत कॉम्प्रेसरमधून जाताना किंचित मागं पडत असणार. तोच आवाज किंचित उशिरानं स्वतःवरच पडला की काही स्वर एकमेकांना खातात. तपासायला सोपं होतं. कॉम्प्रेसरचं दाबणं शून्यावर आणलं, म्हणजे दोन्ही आवाज अगदी सारखे झाले. दोन्ही एकाच पातळीवर ठेवले आणि एकाची लाट उलटी केली, म्हणजे वरचं खाली. दोन्ही एकाच वेळी येत असते तर त्यांनी एकमेकांना पुसून टाकलं असतं आणि शांतता झाली असती. शांतता झाली नाही. बारीक चिरका आवाज उरला. सॉफ्टवेअरमध्ये हा उशीर आपोआप सांभाळायची सोय असते. ती मालकांनी बंद करून ठेवली होती, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्यानं कॉम्प्युटर स्लो होतो. मी ती चालू केली. तसंच पुन्हा ऐकलं. गप्प. मग कॉम्प्रेसर पूर्वीसारखा लावला, उलटलेलं सरळ केलं आणि प्रत वर सरकवली.

आता काडी होती. अख्खी, धारदार, आणि तिच्याखाली ढोलाचं वजन. मी एकटीच होते, म्हणून स्वतःलाच होकार दिल्यासारखं मोठ्यानं "हाव!" म्हणाले.

दहाच्या सुमारास बाबा आले. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि गाणं लावलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. त्यांना यातलं काही कळणार नाही, पण चांगलं वाटेल, असा माझा हिशेब होता. मालक बाबांना जे समजत होते त्यापेक्षा मी काही वेगळं समजत नव्हते. मी फक्त गोड बोलत होते.

बाबांनी ऐकलं. "आता माझी हाय," म्हणाले. मग हात वर केला. "पर लेकी, तो मोठा ढोल वाजला की माझी हलगी दबती. ढोल, हलगी खाली. ढोल, हलगी खाली. दम लागलेल्या माणसावानी."

मी पुन्हा ऐकलं. मला जाणवलं नव्हतं, आणि एकदा सांगितल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज सगळ्यात जाड. तो आला की कॉम्प्रेसर धावून जायचा आणि ढोलाबरोबर हलगीलाही खाली ढकलायचा. मग सोडायचा. ढोल, हलगी खाली. आम्ही त्याला पंपिंग म्हणतो. पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण वाचलेली मी, आणि ते माझ्याच कानावरून निसटून गेलं. आणि आयुष्यात कॉम्प्रेसर न पाहिलेल्या माणसानं ते पहिल्या ऐकण्यात पकडलं. तोंडघशी पडणं म्हणजे काय, ते त्या खुर्चीशेजारी उभी राहून मला कळलं.

उपाय होता. कॉम्प्रेसर आवाज मोजतो त्या जागी चाळणी लावली, की खालचा जाड आवाज मोजू नकोस. ढोल जसाच्या तसा वाजत राहिला, पण कॉम्प्रेसर त्याच्यामागं धावायचा थांबला. सोडण्याचा वेळ गाण्याच्या तालात बसेल असा थोडा लांबवला. बाबांनी पुन्हा ऐकलं आणि या वेळी हात वर केला नाही. "गाडीची वेळ झाली," म्हणाले आणि हलगी पाठीला अडकवून गेले. पाया पडावंसं वाटलं, पण ते सुचेपर्यंत बाबा जिना उतरले होते.

दुपारी अप्पा आले, त्यांच्यामागं तीच चार माणसं. मालकांनी मी काय केलं ते ऐकलं होतं आणि त्याचं नाव पाठ करून ठेवलं होतं. "अप्पा, आज आम्ही पॅरलल कॉम्प्रेशन मारलंय," ते म्हणाले, जणू शेतात औषध मारलंय. "दाखवतो." आणि मी थांबवायच्या आत त्यांनी दाबलेली प्रत एकटी वाजवली.

ती एकटी ऐकायची नसतेच. ती घाण वाजते, घाणच वाजायला हवी. पण तिथं नुसती घाण नव्हती. कॉम्प्रेसर हळू आवाज वर आणतो, आणि खोलीच्या माइकात सगळ्यात हळू काय होतं, तर उघड्या खिडकीतून आलेली गल्ली. गाण्यात एका ठिकाणी हलगी क्षणभर थांबते. त्या फटीत टँकरच्या इंजिनाची घरघर सुजून वर आली आणि तिच्यावर एक बाई स्पष्ट ओरडली, "माझी घागर पहिली हाय! तुह्या बापाचा टँकर हाय का?" मागून दुसरी बाई रडकुंडीला येऊन काहीतरी म्हणाली. मग पुन्हा हलगी.

मग अप्पांचे डोळे चमकले.

"हे काय हाय? हे लई भारी हाय! हे ठेवा. ह्याला मोठं करा. दुष्काळाचा इफेक्ट!"

"इफेक्टच हाय अप्पा," मालक म्हणाले. "खास टाकलाय."

अप्पांच्या माणसांपैकी एकानं मोबाइल काढून रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्या बाया खाली दोन दिवसांतून एकदा रांगेत उभ्या राहायच्या. मीही घागर घेऊन त्यांच्यामागं उभी राहिलेली होते. त्यांचं भांडण हा माणूस स्टेजवर वाजवणार होता, आणि त्या भांडणाच्या मागून स्वतः माइक हातात घेऊन येणार होता.

"नाही ठेवणार," मी म्हणाले.

"काहून?"

"त्या बायांना विचारलंय का कुणी?"

अप्पा हसले. "मॅडम, त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मग त्यांना बोलावून घ्या आणि सभेत बोलू द्या. माइक मी देते." आवाज चढला होता माझा. "खिडकी उघडी राहिली म्हणून आलेला आवाज आहे तो. इफेक्ट नाही."

मालक माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी त्यांच्या हातातून माउस घेतला आणि खोलीच्या माइकाची दाबलेल्या चॅनलकडं जाणारी वाट बंद केली. मोकळ्या बसमध्ये तो माइक तसाच राहिला. तिथं गल्ली इतकी खाली होती की ऐकूच येत नव्हती. दाबायला आता फक्त जवळचे माइक उरले. इंजिन गेलं, बाया गेल्या, हलगीची फट पुन्हा फट झाली.

"आता एक करा," मी म्हणाले. "डोळे मिटा. दोन वाजवते." एक मालकांचा मिक्स, एक माझा. वाजवण्याआधी मी मालकांच्या मिक्सचा आवाज खाली आणून दोन्ही सारख्या मोठेपणावर ठेवले. दोन वर्षांत त्या खोलीत हे कुणी केलं नव्हतं. पाचही जणांनी डोळे मिटले. सारख्या उंचीवर आल्यावर मालकांचा मिक्स सपाट, थकलेला वाजला. माझ्यात पहिल्याच ठोक्याला अप्पांची मान हलली.

"दुसरा," अप्पा म्हणाले. "हे घ्या. बसला ठोका." मग डोळे उघडून मालकांच्या पाठीवर थाप मारली. "मुंबईचा साउंड!"

"म्हणलो न्हवतो?" मालक म्हणाले.

गाणं वाचलं, एवढ्यावर मी समाधान मानलं. असल्या समाधानाची मला सवय होती.

सभा उदगीरला झाली. मी गेले, कारण मला माझा ड्रम मोकळ्या मैदानात ऐकायचा होता. माणसं किती होती ते मोजणारे मोजोत, खुर्च्या बऱ्याच होत्या. खांबाखांबावर कर्णे लावलेले. गाणं सुरू झालं आणि पहिल्या चार ठोक्यांत मला कळलं. काडी नव्हती. थप, थप, थप. गायकसुद्धा ड्रमच्या आत बुडलेला. मी फाइल देऊन गेल्यावर मालकांनी पूर्ण गाण्यावर लिमिटर, म्हणजे कॉम्प्रेसरचा आडदांड भाऊ, चढवून ते विटेसारखं सपाट केलं होतं. म्हणजे मी एवढं खपून जे टोक राखलं, ते त्यांनी शेवटच्या मिनिटाला करवतीनं कापलं.

स्टेजमागं ते भेटले. गळ्यात समितीचा बिल्ला होता.

"लिमिटर लावलात?"

"अगं ताई, कर्ण्यावर वाजणार होतं ना. बारीकसारीक कोण ऐकून राहिलंय इथं?"

"मग मला एवढं करू कशाला दिलंत?"

"तुला हौस होती म्हणून." त्यांना खरंच राग आला नव्हता. ते मला समजावत होते. "तू हुशार हायेस, पण तू लोकांसाठी करत नाहीस. तू त्या म्हाताऱ्यासाठी केलंस."

ते खरं होतं. फक्त त्यांनी ते माझा दोष म्हणून सांगितलं. स्टेजवर अप्पा बोलायला उभे राहिले. जिल्हा झाला की पाणी येईल, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांना पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या, मागच्या लोकांना नाही. मी अहमदपूरमार्गे मिळेल त्या गाडीनं नांदेडला निघून आले आणि लातूरला परत गेले ती फक्त माझं सामान आणायला.

जिल्हा काही झाला नाही. यादी अजून अधूनमधून येते, उदगीरचं नाव अजून तिच्यात असतं. पाऊस मात्र त्या वर्षी पडला, चांगला पडला, आणि मग पाण्याचा विषयच कुणी काढेना.

नांदेडला मी एका मित्राच्या गाळ्यात छोटं बस्तान मांडलं. वडिलांनी एकदा येऊन पाहिलं, खुर्ची कडक आहे म्हणाले आणि गेले. उमरीकडचं काम निघालं की मी बाबांना बोलावून घेते. ते येतात, ऐकतात, हात वर करतात किंवा करत नाहीत.

श्रावणात मालकांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "ताई, ते पॅरललचं सेटिंग पाठव ना. इथं एक भजनाचा अल्बम आलाय, अप्पांच्याच ओळखीचा."

"त्यात ड्रम आहेत का?"

"ड्रम कशाला? तबला आन् टाळ. पण ते सेटिंग लावलं की भारी होतंय म्हणं."

ते सेटिंग त्या ढोलासाठी, त्या हलगीसाठी, त्या गाण्याच्या वेगासाठी होतं. टाळांवर लावलं तर टाळांची किणकिण सूज आल्यासारखी वर येऊन सगळ्या भजनावर पसरणार होती. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हणाले, "पाठवते," आणि तशीच फाइल पाठवून दिली, एक शब्दही सोबत न लिहिता.

पुढं एकदा लातूरच्या स्टँडवर, रिक्षात, मी तो अल्बम ऐकला. टाळ तसेच वाजत होते, माशांच्या घोंघावण्यासारखे, आणि त्यांच्या खाली कुठंतरी गाणारा चांगला गळा गुदमरत होता. रिक्षावाला मान डोलावत होता. मला वाटलं होतं हसू येईल. पण तो गाणारा कोण होता, मला माहीत नव्हतं, आणि त्याचं माझ्याशी काही वाकडं नव्हतं. मी रिक्षावाल्याला आवाज जरा कमी करायला सांगितला.